जोखमीच्या प्रकल्पाची आजची किंमत : दर वाढवायचा की रक्कम कमी करायची?

प्रकल्पात धोका आहे हे कळल्यावर बहुतेक जण एकच गोष्ट करतात: डिस्काउंट रेट वाढवतात. बिनजोखमीचा दर ७ टक्के असेल तर १३ धरतात, आणि त्या एकाच दराने पाचही वर्षांचे पैसे आजच्या मूल्यात आणतात. याला रिस्क-ॲडजस्टेड डिस्काउंट रेट म्हणतात. मी पुढे नुसतं ‘जोखमीचा दर’ म्हणेन. दुसरी पद्धत उलट बाजूने जाते. दराला हात न लावता रक्कमच खाली आणायची. त्या अनिश्चित रकमेच्या बदल्यात किती खात्रीचे पैसे चालतील ते ठरवायचं आणि ती खात्रीची रक्कम बिनजोखमीच्या दराने आजच्या मूल्यात आणायची. हे सर्टन्टी इक्विव्हॅलंट, म्हणजे खात्रीची समतुल्य रक्कम.

पुस्तकात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी असतात आणि उत्तर सारखंच येतं असं वाटून विद्यार्थी पुढे जातात. उत्तर सारखं येतं, पण एका ठरावीक अटीवर. ती अट काय आणि आपल्या प्रकल्पात ती खरी आहे का हे कसं तपासायचं, ते इथे एक हिशेब शेवटपर्यंत करून दाखवतो.

प्रकल्प

तासगाव भागात बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज घ्या. शेडवर वाळवलेला बेदाणा उन्हाळ्यात बाहेर राहिला की काळवंडतो आणि भाव उतरतो, म्हणून शेतकरी आणि व्यापारी माल थंड खोलीत ठेवतात आणि बाजार बघून सौद्याला काढतात. तीन भागीदारांनी पाच वर्षांच्या करारावर एक तयार गोदाम घेतलं आहे. त्यात इन्सुलेशनची पॅनेल, कॉम्प्रेसर, जनरेटर बसवायला २२० लाख लागतील. पाच वर्षांनी गोदाम रिकामं करून परत द्यायचं. आकडे हिशेबासाठी घेतलेले आहेत, पण धोक्याचं स्वरूप खरं आहे. उत्पन्न येतं ते भाड्यातून, भाडं येतं मालातून, आणि माल किती येणार हे त्या हंगामातल्या द्राक्षावर ठरतं. ऑक्टोबर छाटणीनंतर घड फुलोऱ्यात असताना पाऊस लागला, किंवा शेडवर माल असताना अवकाळी झाली, की खोल्या अर्ध्या रिकाम्या.

पायरी १ : सरासरी अपेक्षित रक्कम काढा

इथेच पहिला घोळ होतो. भागीदारांना विचारलं की वर्षाला हातात किती राहील, तर ते म्हणतात ६६ लाख, कारण बऱ्यापैकी वर्षात तेवढेच राहतात. पण ६६ ही नेहमीच्या वर्षाची रक्कम आहे, अपेक्षित रक्कम नव्हे. पूर्ण चित्र असं मांडलं: चार वर्षांत एखादं वर्ष भरघोस, तेव्हा ८४ लाख, दोन वर्षं नेहमीची, ६६ लाख, आणि एक वर्ष पावसाने खाल्लेलं, २४ लाख. या शक्यतांचं वजन धरून सरासरी काढली तर २१ + ३३ + ६ म्हणजे ६० लाख येते.

हे ६० लाख म्हणजे वाईट वर्षाची शक्यता मोजून झाल्यानंतरची रक्कम. तरीही यात जोखमीबद्दल काही वजा केलेलं नाही. फक्त सगळ्या शक्यता प्रामाणिकपणे धरल्या आहेत. अनेक जण ६६ घेतात आणि ‘वाईट वर्ष येऊ शकतं’ म्हणून दर दोन टक्के वाढवतात. तसं करू नका. वाईट वर्षाची शक्यता अपेक्षित रकमेत जाते. चढउतार सोसण्याचा मोबदला दरात किंवा खात्रीच्या रकमेत जातो. ही दोन वेगळी कामं आहेत, आणि एकाच आकड्यावर दोन्ही लादली की नंतर कोणता आकडा कशासाठी होता हे कुणालाच सांगता येत नाही.

रकमा करानंतरच्या घ्या. बिनजोखमीचा दर महागाईसकट असतो, म्हणून रकमाही त्या त्या वर्षीच्या चालू रुपयांत हव्यात. आपल्या उदाहरणात पाचही वर्षं ६० लाखच धरतो, म्हणजे हिशेब डोळ्यांना दिसत राहील.

पायरी २ : नेहमीचा हिशेब करा

बिनजोखमीचा दर ७ टक्के धरू. प्रत्यक्ष करताना प्रकल्पाच्या मुदतीएवढ्या सरकारी रोख्यांवरचा त्या वेळचा परतावा घ्या. भागीदार म्हणतात, अशा धंद्यात १३ टक्क्यांखाली पैसा गुंतवणार नाही. म्हणजे जोखमीचा मोबदला ६ टक्के.

```
=NPV(13%,60,60,60,60,60)-220
```

स्प्रेडशीटमधलं हे सूत्र पहिली रक्कम एका वर्षानंतरची मानतं, म्हणून आजचे २२० लाख कंसाबाहेर ठेवायचे. आत टाकले तर गुंतवणुकीलाही एक वर्षाची सूट मिळते आणि उत्तर उगाच गोड येतं. बरोबर केलं तर पाच वर्षांच्या पैशाचं आजचं मूल्य सुमारे २११ लाख येतं. २२० वजा केले की ९ लाखांचा तोटा. बहुतेक प्रकल्प-अहवाल इथे थांबतात आणि प्रकल्प नाकारला जातो.

पायरी ३ : त्या १३ टक्क्यांनी काय गृहीत धरलं ते उघड करा

माझ्या मते या लेखातली सगळ्यात उपयोगी पायरी हीच, आणि ती एका ओळीत होते. कोणत्याही वर्षी दोन्ही पद्धतींनी एकच मूल्य यायचं असेल, तर अपेक्षित रकमेतला किती भाग ‘खात्रीचा’ मानला गेला हे असं निघतं:

```
a_t = ((1 + rf) / (1 + k))^t
```

इथे `rf` हा बिनजोखमीचा दर, `k` हा जोखमीचा दर, `t` म्हणजे कितवं वर्ष, आणि `a_t` हा खात्रीचा गुणक. अपेक्षित रक्कम गुणिले हा गुणक म्हणजे खात्रीची समतुल्य रक्कम.

१.०७ भागिले १.१३ म्हणजे ०.९४७. दुसऱ्या वर्षी त्याचा वर्ग, ०.८९७. मग ०.८४९, ०.८०४ आणि पाचव्या वर्षी ०.७६१. आता हे ६० लाखांना लावा. पहिल्या वर्षाच्या ६० लाखांऐवजी खात्रीचे ५६.८ लाख चालतील, दुसऱ्या वर्षी ५३.८, तिसऱ्या वर्षी ५०.९, चौथ्या वर्षी ४८.२ आणि पाचव्या वर्षी ४५.७.

वाचताना थांबायला हवं ते इथे. १३ टक्के लिहिताना भागीदारांनी कळत नकळत असं म्हटलं आहे की पाचव्या वर्षीची अनिश्चित कमाई ते ४५.७ लाख खात्रीच्या रुपयांना विकायला तयार आहेत. म्हणजे पहिल्या वर्षी ३ लाख सोडायला तयार आणि पाचव्या वर्षी १४ लाख. हे लांबच्या पैशाची किंमत कमी असते म्हणून नव्हे. काळाची किंमत ७ टक्क्यांनी नंतर वेगळी कापली जाणारच आहे. ही सगळी घट केवळ जोखमीच्या नावावर आहे.

एकच स्थिर दर हेच सांगत असतो: दरवर्षी जोखीम ठरावीक प्रमाणात साचत जाते. १९६६ मध्ये अलेक्झांडर रोबिचेक आणि स्ट्युअर्ट मायर्स यांनी ‘जर्नल ऑफ फायनान्स’मध्ये हा मुद्दा स्पष्ट मांडला होता. तरी आजही अहवालात ‘डिस्काउंट रेट १३ टक्के’ एवढंच लिहिलेलं दिसतं आणि हा गुणकांचा स्तंभ कुणी छापत नाही. तुम्ही छापा. एक जादा ओळ आहे, पण चर्चेचा सूर बदलतो.

पायरी ४ : भागीदारांना वर्षावार विचारा

‘तुमची जोखीम किती’ असं विचारून काही हाती लागत नाही. प्रश्न धंद्याच्या भाषेत विचारा. समजा एक भक्कम व्यापारी म्हणाला, ‘पहिल्या हंगामाचं पूर्ण कोल्ड स्टोरेज मी घेतो. माल येवो न येवो, खर्च जाऊन तुमच्या हातात ठरलेली रक्कम राहील.’ कितीला द्याल? ५० ला नाही म्हणाले, ६० ला लगेच हो म्हणाले, ५५ वर ‘बघू’, ५८ वर ‘घेऊन टाकू’. दोन्ही बाजूंनी आवळत आणलं आणि ५७ वर ते म्हणाले, ‘इथे आम्हाला दोन्ही सारखंच.’ तर खात्रीची रक्कम ५७ लाख आणि गुणक ०.९५.

जोखमीच्या दरातून पहिल्या वर्षी ०.९४७ आला होता. म्हणजे पहिल्या वर्षापुरतं दोन्ही पद्धतींचं जमलं. १३ टक्के हा दर त्यांनी मनात एका वर्षाचा विचार करूनच ठरवला होता, हे यातून कळतं. माझ्या पाहण्यात तरी लोक दर असाच ठरवतात.

आता तोच प्रश्न पाचव्या हंगामाबद्दल. जोखमीच्या दराप्रमाणे त्यांनी ४६ ला खुशीने हो म्हणायला हवं. ते तसं म्हणत नाहीत. ‘पाचव्या वर्षीही पाऊस असाच, पहिल्या वर्षासारखा. मग आम्ही ११ लाख जास्त का सोडायचे?’

त्यांचं बरोबर आहे. यंदा घडावर पाऊस पडला म्हणून पाच वर्षांनी पडण्याची शक्यता वाढत नाही. त्या त्या हंगामाचा धोका त्या त्या हंगामात जन्मतो आणि तिथेच संपतो. पाचव्या वर्षाच्या रकमेबद्दल पहिली चार वर्षं नवीन काहीच कळत नाही. सगळी अनिश्चितता शेवटच्या वर्षात उलगडते. मग गुणक पाचही वर्षं ०.९५ च राहायला हवा.

```
=NPV(7%,57,57,57,57,57)-220
```

मूल्य येतं २३३.७ लाख, म्हणजे साधारण १३.७ लाख फायदा. माणसं तीच, पाऊस तोच, आणि निर्णय उलटा.

फरक कुठून आला ते वर्षावार दिसतं. पहिल्या वर्षाच्या रकमेचं आजचं मूल्य एका पद्धतीने ५३.१ आणि दुसरीने ५३.३, म्हणजे जवळपास एकच. पाचव्या वर्षाचं एका पद्धतीने ३२.६ आणि दुसरीने ४०.६. दोन पद्धती भांडल्या तर नेहमी शेवटच्या वर्षांकडे बघा. वाद तिथे असतो.

दर वापरूनही बरोबर उत्तर येतं

यावरून ‘जोखमीचा दर चुकीचा’ असा निष्कर्ष काढू नका. चूक दराची नाही. एकच दर सगळ्या वर्षांना लावणं चुकलं. पाचव्या वर्षाची जोखीम फक्त शेवटच्या वर्षात उलगडते, तर ६० लाखांना शेवटचं एक वर्ष १३ टक्क्यांनी कापा आणि आधीची चार वर्षं ७ टक्क्यांनी. येतात ४०.५ लाख. खात्रीच्या रकमेच्या हिशेबाने ४०.६ होते. उरलेला किरकोळ फरक ०.९४७ आणि ०.९५ मधला आहे.

हेच दुसऱ्या तऱ्हेने बघायचं तर गुणक ०.९५ स्थिर असताना पूर्ण मुदतीला लागू होणारा वार्षिक दर काढा. पहिल्या वर्षासाठी तो १२.६ टक्के, दुसऱ्यासाठी ९.८, तिसऱ्यासाठी ८.८, चौथ्यासाठी ८.४ आणि पाचव्यासाठी ८.१ टक्के. वर्षागणिक दर उतरत जातो. स्थिर गुणक म्हणजे उतरता दर, आणि स्थिर दर म्हणजे उतरता गुणक. एवढं डोक्यात पक्कं बसलं की हा विषय बराचसा बसला.

मग स्थिर दर खरा कधी? जेव्हा यंदाचा धक्का पुढच्या सगळ्या वर्षांत टिकतो तेव्हा. याच भागीदारांनी आपल्या नावाचा पाकीटबंद बेदाणा बाजारात आणला असता, तर पहिल्या वर्षी पकडलेलं गिऱ्हाईक हाच दुसऱ्या वर्षाचा पाया झाला असता. पहिल्या वर्षी अपेक्षेपेक्षा वीस टक्के कमी विक्री झाली तर पुढच्या सगळ्या वर्षांचे अंदाज वीस टक्क्यांनी खाली येतात. दरवर्षी तशाच आकाराचा नवा धक्का, आणि प्रत्येक धक्का पुढे वाहत जाणारा. अशा वेळी पाचव्या वर्षाची रक्कम पाच धक्के खाऊन येते, पहिल्या वर्षाची एक. जोखीम खरोखरच साचत जाते आणि १३ टक्क्यांचा स्थिर दर बरोबर ठरतो. दोन्ही पद्धती तिथे शेवटच्या पैशापर्यंत जुळतात. आणखी एक अट आहे: बिनजोखमीचा दर आणि जोखमीचा मोबदला हे दोन्हीही वर्षागणिक न बदलणारे हवेत. यूजीन फामा यांनी १९७७ मध्ये या अटी नेमकेपणाने तपासल्या होत्या.

पायरी ५ : खऱ्या प्रकल्पात दोन्ही प्रकारचे धोके असतात

कोल्ड स्टोरेजचा धोका फक्त पावसाचा असता तर काम सोपं होतं. पण त्याच रस्त्यावर आणखी दोन कोल्ड स्टोरेज उभी राहिली तर भाड्याचा दर पडतो, आणि पडलेला दर पुढच्या वर्षी आपोआप वर येत नाही. काही शेतकऱ्यांनी बागा काढून दुसरं पीक घेतलं तरी तसंच. हे धक्के टिकणारे आहेत, आणि त्यांच्यामुळे गुणक खाली सरकायला हवा. मात्र १३ टक्के म्हणतात तेवढ्या वेगाने नाही.

म्हणून व्यापाऱ्याचा प्रश्न प्रत्येक वर्षासाठी पुन्हा विचारा, आणि विचारताना दोन्ही धोके समोर ठेवा: त्या वर्षीचा पाऊस, आणि तोवर आजूबाजूला काय काय बदललेलं असू शकतं. भागीदारांची उत्तरं अशी आली समजा: ५७, ५५.८, ५४.६, ५३.४ आणि ५२.२ लाख. गुणक ०.९५ वरून दरवर्षी दोन शतांशाने उतरत ०.८७ वर येतो. ७ टक्क्यांनी यांचं आजचं मूल्य २२४.५ लाख. गुंतवणूक वजा करून फायदा साडेचार लाख.

हे उत्तर मला सगळ्यात विश्वासार्ह वाटतं, कारण यातल्या प्रत्येक आकड्यावर भागीदारांशी बोलता येतं. ५२.२ कमी वाटतात का? का? कोण नवीन उभं करतंय? ‘१३ टक्के जास्त वाटतात का’ या प्रश्नावर अशी चर्चा होत नाही.

बँकेला एकच दर हवा असतो. तोही देता येतो: ६० लाखांची पाच वर्षं कोणत्या दराने २२४.५ ला येतात ते शोधा. उत्तर साडेदहा टक्के. पण हा दर या प्रकल्पापुरताच, रकमा याच आकाराने येणार असतील तरच. पहिली दोन वर्षं काहीच न मिळता सगळं शेवटी येणार असेल तर हाच धोका असूनही तो एकच दर वेगळा निघतो. शेजारच्या प्रकल्पाला साडेदहा उचलून लावू नका.

जाणाऱ्या पैशाचं काय?

पाच वर्षांनी पॅनेल उतरवून, फरशी दुरुस्त करून गोदाम परत द्यायचं आहे. अपेक्षित खर्च ५ लाख, पण नक्की किती होईल हे सांगता येत नाही. सवयीने १३ टक्के लावले तर आजचं ओझं २.७ लाख. बिनजोखमीच्या ७ टक्क्यांनी ३.६ लाख. नीट बघा: धोका आहे म्हणून दर वाढवला आणि खर्च हलका झाला! खर्चाची अनिश्चितता जितकी जास्त तितका तो स्वस्त दिसणार, असं हे उलटं होतं. खाणी बंद करणं किंवा जुनी यंत्रसामग्री मोडीत काढणं असे मोठे खर्च शेवटी येणाऱ्या प्रकल्पांत ही चूक लाखांवर थांबत नाही.

इथे खात्रीची रक्कम सरळ उत्तर देते. ‘एखादा ठेकेदार आजच लिहून देतो की पाचव्या वर्षी तो सगळी जबाबदारी घेईल, त्या वेळी त्याला किती द्याल?’ भागीदार म्हणाले ६ लाख. अपेक्षित खर्चापेक्षा जास्त, कारण अनिश्चितता टाळण्यासाठी ते पैसे मोजायला तयार आहेत. ६ लाख ७ टक्क्यांनी आजचे ४.३ लाख. म्हणजे साडेचार लाखांच्या फायद्यातून उरले पाव लाखाच्या आसपास.

प्रत्येक अनिश्चित खर्चाचा गुणक एकाहून जास्तच असतो असं मात्र नाही. धंदा तेजीत असतानाच जो खर्च वाढतो, आणि मंदीत आपोआप उतरतो, तो मालकाचा एकूण चढउतार कमी करतो. त्याची खात्रीची रक्कम अपेक्षित खर्चापेक्षा कमी असू शकते. दिशा ठरवण्याआधी एवढंच विचारा: हा खर्च वाढेल तेव्हा बाकीची कमाई चांगली असेल की वाईट?

कुणाची जोखीम?

आतापर्यंत गुणक भागीदारांच्या तोंडून घेतले, कारण त्यांची बरीचशी पुंजी याच धंद्यात आहे. हेच कोल्ड स्टोरेज शेअर बाजारात नोंदलेली मोठी कंपनी उभारत असेल तर हिशेब बदलतो. तिच्या भागधारकांकडे पन्नास इतर शेअर असतात. तासगावच्या पावसाचा त्यांच्या एकूण संपत्तीवर फार परिणाम होत नाही. त्यांच्यासाठी रक्कम बाजारासोबत किती हलते तेवढीच जोखीम मोजायची:

```
CE = E(C) - L * Cov(C, rm)
L  = (E(rm) - rf) / Var(rm)
```

`CE` ही खात्रीची समतुल्य रक्कम, `E(C)` ही अपेक्षित रक्कम, `rm` हा पूर्ण बाजाराचा परतावा, `E(rm)` हा त्याचा अपेक्षित आकडा, `Cov` म्हणजे रक्कम आणि बाजार किती सोबत हलतात त्याचं माप, `Var` म्हणजे बाजार स्वतः किती हलतो त्याचं, आणि `L` म्हणजे बाजारात एक एकक जोखमीला मिळणारा मोबदला. हे एका वर्षाचं सूत्र आहे आणि बीटा, म्हणजे शेअर बाजारासोबत किती हलतो तो आकडा, वापरून काढलेल्या दराशी ते एका वर्षात तंतोतंत जुळतं, कारण दोन्ही एकाच समीकरणाची दोन रूपं आहेत. पावसाचा बाजाराशी संबंध क्षीण असेल तर वजावट अगदी थोडी आणि गुणक एकाच्या जवळ.

दोन पद्धतींची उत्तरं जुळत नसतील तर हेही तपासा. दर कंपनीच्या बीटावरून काढला आणि खात्रीची रक्कम मालकाच्या पोटातल्या भीतीवरून घेतली, तर ती जुळणारच नाहीत. तुम्ही दोन वेगळ्या माणसांची जोखीम मोजली आहे.

याहून वारंवार होणारी चूक म्हणजे दोन्ही एकदम करणं: रक्कम ५७ वर आणायची आणि दर पुन्हा १३ टक्के. तेव्हा मूल्य २००.५ लाखांवर येतं आणि १९.५ लाख तोटा दिसतो. एकाच धोक्याचे पैसे दोनदा कापले गेले. अहवाल तपासताना खूण सोपी आहे: ‘सावध अंदाज’ असा शब्द रकमांशेजारी दिसला, तर लगेच खाली दर कोणता आहे ते बघा.

पायरी ६ : खरा प्रस्ताव येतो तेव्हा

या सगळ्याचा उपयोग दिसतो तो करार समोर आल्यावर. भागीदारांकडे एक व्यापारी येतो. त्याला निम्मी जागा पाच वर्षांसाठी हवी आहे. खर्च जाता भागीदारांच्या हातात वर्षाला २८ लाख ठरलेले राहतील, विजेचा दर वाढला तर फरक तो देईल, खोली रिकामी राहिली तरी भाडं चालू.

निम्म्या जागेची अपेक्षित कमाई ३० लाख. म्हणून एक भागीदार म्हणतो, वर्षाला २ लाखांचं नुकसान. सगळ्याला १३ टक्के लावणारा हिशेबही हेच सांगतो: ३० चे १०५.५, २८ चे ९८.५, प्रस्ताव नाकारा. पण २८ ही रक्कम आता पावसावर अवलंबून नाही, तिला पावसाच्या धोक्याचा दर लावायचं काहीच कारण नाही. ७ टक्क्यांनी तिचं मूल्य ११४.८ लाख. आणि निम्म्या जागेच्या खात्रीच्या रकमा, २८.५ पासून २६.१ पर्यंत, यांचं मूल्य ११२.३. प्रस्तावात अडीच लाख जास्त आहेत, आणि काठावर असलेला प्रकल्प त्यामुळे पावणेतीन लाख फायद्यात येतो.

एक गोष्ट मात्र बघायची राहते. पाऊस गेला, पण व्यापारी आला. बेदाण्याचा भाव कोसळला आणि तोच अडचणीत आला तर? त्याला उधार देताना तुम्ही साडेआठ टक्के मागितले असते, तर २८ लाखांना साडेआठच लावा. मूल्य ११०.३ येतं, स्वतः चालवण्यापेक्षा दोन लाखांनी कमी, आणि प्रकल्प पुन्हा तोट्यात. म्हणजे भागीदारांनी भाव २८ वरून २९ करण्यात वेळ घालवण्याआधी व्यापाऱ्याकडे राष्ट्रीयीकृत बँकेची गॅरंटी मागावी, पाचही वर्षांसाठी आणि त्याच्या खर्चाने. ती मिळाली तर २८ लाखांवर सही करावी. नाही मिळाली तर निम्मी जागाही देऊ नये.